गुन्ह्याचा पत्ता

शिकागोमध्ये १८९९ साली अमेरिकेतलं पहिलं बालन्यायालय सुरू झालं. तिथे आणलेल्या प्रत्येक मुलाच्या कागदांवर त्याचं नाव, वय, केलेला अपराध आणि घरचा पत्ता नोंदवला जाई. यातला पत्ता कारकुनाच्या सोयीसाठी होता, समन्स कुठे पाठवायचं हे कळावं एवढ्यापुरताच. पुढे क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या दोघांनी हजारो कागदांतून नेमका हा पत्ताच उचलला. शहराच्या मोठ्या नकाशावर प्रत्येक मुलाच्या घराच्या जागी त्यांनी एकेक टिंब काढलं. १९०० ते १९०६ या वर्षांतल्या मुलांसाठी एक नकाशा, १९१७ ते १९२३ साठी दुसरा आणि १९२७ ते १९३३ साठी तिसरा. प्रत्येक नकाशावर आठ हजारांहून जास्त मुलगे होते. या नकाशांवरून वस्ती आणि गुन्हेगारी यांच्या संबंधाचा जो सिद्धांत उभा राहिला, त्याला ‘सामाजिक विघटनाचा सिद्धांत’ म्हणतात.

दोघंही या शहराचे नव्हते. शॉ इंडियानातल्या खेड्यातला, मॅके साउथ डकोटातल्या शेतकरी घरातला. शॉने सुटून आलेल्या कैद्यांवर आणि न्यायालयातल्या मुलांवर देखरेख करणारा अधिकारी म्हणून काम केलं होतं. पुढे शिकागोतल्या बालसंशोधन संस्थेत दोघं एकत्र आले. शॉ मुलांशी बोलायचा, त्यांच्याकडून त्यांच्या आयुष्याची हकीकत लिहून घ्यायचा. आकड्यांची आणि नकाशांची बाजू मॅके सांभाळायचा. १९२९ साली त्यांचं पहिलं मोठं पुस्तक आलं आणि १९४२ साली दुसरं. आजही गुन्हेगारीशास्त्राच्या वर्गात सुरुवातीच्या काही तासांतच या दुसऱ्या पुस्तकाचं नाव येतं.

हे नकाशे पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. टिंब गुन्हा घडला त्या जागेचं नाही, मुलगा राहतो त्या जागेचं आहे. बाजारपेठेत चोऱ्या जास्त होतात, पण म्हणून चोरी करणारे तिथे राहतात असं नाही. ‘गुन्हे कुठे घडतात’ आणि ‘गुन्ह्यांत सापडणारी मुलं कुठल्या वस्तीत वाढतात’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. शॉ आणि मॅके दुसऱ्या प्रश्नामागे होते.

नुसती टिंबं फसवतात, हेही त्यांना ठाऊक होतं. दाट वस्तीत मुलंच जास्त, म्हणून टिंबंही जास्त दिसणार. त्यांनी शहराचे सुमारे एकेक चौरस मैलाचे तुकडे पाडले. प्रत्येक तुकड्यात १० ते १६ वयाचे मुलगे किती राहतात ते जनगणनेवरून काढलं आणि त्यांतल्या दर शंभरांमागे किती जणांना सात वर्षांत न्यायालयात आणलं गेलं, ते मोजलं. शेवटच्या नकाशात एका टोकाला असे तुकडे होते जिथे हा दर अर्ध्यावर होता, म्हणजे दोनशे मुलांत एक. दुसऱ्या टोकाला तो १८.९ होता. एकच शहर, तेच कायदे, तेच न्यायालय, आणि काही मैलांच्या अंतरात जवळजवळ चाळीस पटींचा फरक.

या फरकाला एक आकार होता. अर्नेस्ट बर्जेस या समाजशास्त्रज्ञाने शिकागोची वाढ एकात एक बसलेल्या वर्तुळांनी दाखवली होती. मधोमध कचेऱ्या, दुकानं आणि रेल्वे स्थानकं असलेला व्यापारी गाभा. त्याला लागून कारखाने, गोदामं आणि मोडकळीला आलेली भाड्याची घरं. त्याबाहेर कामगारांची जरा बरी घरं, मग मध्यमवर्गाची वस्ती आणि सगळ्यात बाहेर रोज गाडीने येजा करणाऱ्यांची उपनगरं. मॅकेने या वर्तुळांप्रमाणे दर काढले, तर गाभ्याजवळ शंभरात ९.८ मुलं आणि बाहेर सरकत जावं तसा दर उतरत शेवटच्या वर्तुळात १.८.

गाभ्यालगतचा पट्टा असा का झाला, याचं कारण जमिनीच्या व्यवहारात आहे. शहर वाढतं आहे, आज ना उद्या इथे गोदाम किंवा कचेरी येणार, या हिशोबाने मालक जमीन धरून बसलेला. पाडायचंच आहे तर घराची डागडुजी कशाला करायची? घर पडकं, म्हणून भाडं कमी. भाडं कमी, म्हणून जहाजातून नुकता उतरलेला, खिशात फारसं काही नसलेला माणूस तिथेच येणार. आणि चार पैसे हाती आले की तो तिथून निघणार. १८९० साली शिकागोची लोकसंख्या दहा लाखांवर होती आणि त्यांतले दर दहांतले चार परदेशात जन्मलेले होते. चाळीस वर्षांत शहर तिपटीहून मोठं झालं. येणाऱ्या प्रत्येक लाटेचा पहिला मुक्काम याच पट्ट्यात पडत होता.

पट्ट्यात राहणारी माणसं सारखी बदलत होती. शतकाच्या सुरुवातीला तिथे जर्मन, आयरिश आणि स्कँडिनेव्हियन लोकांची संख्या मोठी होती. ते बाहेर सरकले आणि त्यांच्या जागी इटलीचे, पोलंडचे, पूर्व युरोपातले लोक आले. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून दक्षिणेतल्या राज्यांतून कृष्णवर्णीय कुटुंबं येऊ लागली. भाषा बदलली, चर्च बदलली, दुकानांवरच्या पाट्या बदलल्या. तिन्ही नकाशे शेजारी ठेवले तर मात्र सर्वांत जास्त दराचे तुकडे जवळपास तेच होते. इकडे बाहेरच्या वस्त्यांत जाऊन राहिलेल्या जर्मन किंवा आयरिश कुटुंबांच्या मुलांचा दर त्या नव्या वस्तीइतकाच खाली आला होता. कृष्णवर्णीयांच्या पट्ट्यातही, गाभ्याकडून दक्षिणेकडे जावं तसे दर उतरत होते. म्हणजे गुन्हेगारी एखाद्या वंशाबरोबर घर बदलत नव्हती.

हे त्या काळी सांगणं किती धाडसाचं होतं हे आपल्या वाचकाला वेगळं समजावण्याची गरज नाही. ब्रिटिशांनी १८७१ साली केलेल्या कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं होतं. मॅके शिकागोत दर मोजत होता, त्याच वर्षांत सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये कुटुंबंच्या कुटुंबं तारेच्या कुंपणाआड ठेवलेली होती आणि त्यांची हजेरी घेतली जात होती. हा कायदा रद्द होऊन त्या जमाती मुक्त व्हायला १९५२ साल उजाडलं. अमेरिकेतही इटालियन किंवा पोलिश रक्तातच गुन्हा आहे असं मानणारे प्रतिष्ठित लोक होते. शॉ आणि मॅके यांचं उत्तर आकड्यांतून आलं: माणसं बदलली तरी दर जागचा हलत नसेल, तर कारण जागेत शोधा.

जागेत म्हणजे नेमकं कशात? पहिलं उत्तर सुचतं ते गरिबीचं. जास्त दराच्या वस्त्यांत मदतीवर जगणारी कुटुंबं जास्त होती, भाडी सर्वांत कमी होती, क्षयाने आणि बालपणीच मरणाऱ्यांचं प्रमाण मोठं होतं. पण इथे त्यांना एक अडचण दिसली आणि ती त्यांनी लपवली नाही. १९२९ च्या मंदीनंतर पाच वर्षांत शिकागोत मदतीवर जगणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण दहा पटींहून अधिक वाढलं. पोटात भूक शिरली की माणूस चोरी करतो, एवढा सरळ हिशोब असता तर बालगुन्हेगारीचा आलेखही उसळायला हवा होता. शहराचा एकूण दर मात्र फारसा हलला नाही. वस्त्या-वस्त्यांची तुलना केली की गरिबी आणि गुन्हेगारी हातात हात घालून दिसतात. त्याच वस्तीत गरिबी अचानक वाढली तर गुन्हेगारी तिच्यामागे लगेच धावत नाही. तेव्हा या दोहोंच्या मध्ये आणखी काहीतरी असलं पाहिजे.

ते ‘काहीतरी’ शोधताना त्यांना विल्यम थॉमस आणि फ्लोरियन झ्नानिएत्स्की यांची कल्पना हाताशी आली. पोलंडच्या खेड्यांतून अमेरिकेत आलेल्या शेतकऱ्यांवर या दोघांनी १९१८ ते १९२० दरम्यान मोठा अभ्यास प्रसिद्ध केला होता. गटाचे रिवाज आणि नियम गटातल्या माणसांच्या वागण्यावर पूर्वीसारखा प्रभाव पाडेनासे होतात, त्या अवस्थेला त्यांनी सामाजिक विघटन म्हटलं. माणसं वाईट होतात असं त्यांचं म्हणणं नव्हतं. नियम सगळ्यांना माहीत असतात, बहुतेकांना मान्यही असतात. ते पाळायला लावणारी एकजूट तेवढी उरलेली नसते.

शिकागोच्या पट्ट्यात हे कसं घडत होतं ते पाहू. दुपारी चौदा वर्षांची चार मुलं शाळेच्या वेळात कोपऱ्यावर उभी आहेत. त्यांना हटकायचं तर हटकणाऱ्याला तीन गोष्टी हव्यात. ही कोणाची मुलं, हे माहीत हवं. त्यांच्या आईबापांकडे जाऊन सांगितलं तर ते ऐकून घेतील, भांडायला उठणार नाहीत, याची खात्री हवी. आणि उद्या आपल्या मुलाबाबत त्यांनीही तेच करावं, इतकी देवघेव हवी. भाडेकरू दर वर्ष-दोन वर्षांनी बदलत असतील तर पहिलीच गोष्ट जमत नाही, कारण ओळख व्हायला वेळ लागतो. वरच्या मजल्यावर सिसिलीहून आलेलं कुटुंब आणि खाली पोलिश कुटुंब असेल तर दुसरी जमत नाही. आणि जो तो ‘दोन पैसे जमले की इथून निघू’ म्हणत असेल तर तिसरीसाठी कोणी खटपट करत नाही. चर्चचं मंडळ, मदतनिधी, पालकांची सभा या सगळ्यांना टिकून राहणारी माणसं लागतात. मंडळाचा चिटणीस निघून गेला, वर्गणीदार पांगले की मंडळ बंद पडतं, आणि नव्या लोकांचं मंडळ उभं राहीपर्यंत तेही जायला निघालेले असतात. गरिबीचं काम इथे दिसतं. ती मुलाला थेट चोरीकडे ढकलते असं नाही. माणसांना टिकू देत नाही, आणि टिकले तरी मंडळ चालवायला वेळ आणि पैसा उरू देत नाही.

दुसऱ्या बाजूला, एक शाळा मात्र पट्ट्यात अखंड चालू होती. न्यायालयात आलेल्या मुलांच्या नोंदी तपासताना शॉ आणि मॅके यांना आढळलं की दर दहांतले आठांहून जास्त मुलगे एकट्याने नव्हे, साथीदारांबरोबर गुन्हा करताना सापडले होते. दुकानातून वस्तू कशी उचलायची, चोरीचा माल कुठे खपवायचा, पोलिसाला काय सांगायचं, हे थोरली मुलं धाकट्यांना शिकवत. थोरल्यांना त्यांच्याहून थोरल्यांनी शिकवलेलं असे. मोठ्या माणसांची साखळी तुटत होती तिथे पोरांची ही साखळी वर्षानुवर्षं टिकून राहिली. वस्तीत नवा आलेला मुलगा आठवड्याभरात तिच्यात ओढला जाई, मग तो कुठल्या देशातून आला होता याला महत्त्व नसे.

दराचा अर्थ लावताना मात्र हात आवरावा लागतो. सर्वांत वाईट तुकड्यातही १८.९ म्हणजे शंभरांतले एक्याऐंशी मुलगे सात वर्षांत त्या न्यायालयाची पायरी चढले नव्हते. वस्तीचा दर वस्तीविषयी सांगतो. तिथल्या एखाद्या मुलाकडे बोट दाखवून ‘हा त्या वस्तीतला, म्हणजे तसलाच’ म्हणण्याला तो आधार देत नाही. नोकरीच्या मुलाखतीत पत्ता पाहून चेहरा बदलणारे लोक ही चूक रोज करतात, आणि तिची किंमत त्या एक्याऐंशी मुलांना मोजावी लागते.

शॉ नकाशांवर थांबला नाही. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने शिकागोच्या तीन भागांत एक प्रयोग सुरू केला. त्यांतला रसेल स्क्वेअर हा दक्षिणेकडचा, पोलादाच्या कारखान्यालगतचा पोलिश भाग. बाहेरून शिकलेली माणसं आणून वस्ती ‘सुधारण्या’वर शॉचा विश्वास नव्हता. तो तिथल्या सेंट मायकल चर्चच्या धर्मगुरूंकडे गेला, दुकानदारांना आणि वस्तीत वजन असलेल्या लोकांना भेटला, आणि त्यांची स्वतःची समिती उभी राहू दिली. चर्चच्या तळघरात मुलांसाठी क्लब निघाला. वस्तीतच वाढलेले, टोळ्यांतल्या मुलांना नावाने ओळखणारे तरुण कोपऱ्यावर त्यांच्याबरोबर उभे राहू लागले. मुलगा पकडला गेला की समितीची माणसं पोलिसांकडे जाऊन ‘याच्याकडे आम्ही पाहतो’ म्हणत. तुरुंगातून सुटून आलेल्यांनाही कामात घेतलं गेलं, आणि यावर समाजकार्य करणाऱ्या शिक्षित मंडळींनी बरीच नाकं मुरडली. नंतरच्या वर्षांत त्या भागातल्या बालगुन्हेगारीचे नोंदलेले आकडे खाली आले. पण हा प्रयोगाचा परिणाम की पोलीस मुलांना न्यायालयाऐवजी समितीकडे पाठवू लागले म्हणून नोंदीच कमी झाल्या, हे वेगळं काढता येत नाही. तुलनेसाठी तशीच एखादी वस्ती, जिथे काहीच केलेलं नाही, अशी राखून ठेवलेली नव्हती.

नोंदींचा हा प्रश्न मूळ नकाशांनाही चिकटलेला आहे. न्यायालयात येतो तो मुलगा आधी पोलिसाच्या हाती सापडलेला असतो. गरीब वस्तीत पोलीस जास्त फिरतात, आणि श्रीमंत घरच्या मुलाला वडिलांच्या हवाली करून सोडून देतात. दुसरा आक्षेप त्याहून मूलगामी होता. ‘या वस्तीत गुन्हे जास्त का? कारण तिथे विघटन आहे. विघटन आहे कशावरून? कारण तिथे गुन्हे जास्त आहेत.’ वस्तीतले संबंध शॉ आणि मॅके यांनी वेगळे मोजलेच नव्हते; दर आणि गरिबीचे आकडे यांच्या मधला दुवा तर्काने भरला होता. तिसरा घाव विल्यम फूट व्हाइट याने १९४३ साली घातला. बोस्टनच्या इटालियन वस्तीत राहून त्याने दाखवलं की बाहेरच्याला जिथे बजबजपुरी दिसते, तिथे नाती, उपकार आणि निष्ठा यांची काटेकोर मांडणी असते. ती वस्ती विघटित नव्हती, तिची घडण बाहेरच्या जगाशी जुळत नव्हती, एवढंच.

आणि एक गोष्ट शिकागोच्या या अभ्यासकांच्या नजरेतून पुरती निसटली. शहराची वर्तुळं जणू निसर्गनियमाने पडतात, लोक आज ना उद्या बाहेरच्या वर्तुळात जातातच, असं त्यांनी गृहीत धरलं. युरोपीय लाटांपुरतं ते खरंही ठरलं. कृष्णवर्णीय कुटुंबांना मात्र बाहेरचा रस्ता बंद होता. ‘हे घर गोऱ्यांखेरीज कोणाला विकणार नाही’ असे करार घरमालक करत, आणि १९४८ पर्यंत न्यायालयं ते अमलात आणत. १९३० च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले, त्यांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगात, म्हणजे कर्ज द्यायला धोक्याच्या, दाखवल्या गेल्या. पुढे याच वस्त्यांत सरकारने उंच इमारतींची भाड्याची घरं बांधली; १९६२ साली पूर्ण झालेली रॉबर्ट टेलर होम्स ही सोळा मजल्यांच्या २८ इमारतींची रांग त्यांतली सर्वांत मोठी. गरिबी एका जागी साचली ती बाजाराच्या ओघाने जितकी, तितकीच सह्याशिक्क्यांनी. हे न सांगता वस्तीच्या विघटनाबद्दल बोलणं म्हणजे दोष तिथल्या रहिवाशांच्या पदरात टाकणं आहे. या सिद्धांताचा असा वापर पुष्कळदा झाला, आणि त्यात मूळ लेखकांच्या मौनाचाही वाटा आहे.

मधला दुवा खरोखर मोजला गेला तो १९८० च्या दशकात. रॉबर्ट सॅम्पसन आणि बायरन ग्रोव्ह्ज यांनी ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीतली २३८ ठिकाणं घेतली. त्या पाहणीत लोकांनी स्वतःवर झालेले गुन्हे सांगितले होते, त्यामुळे पोलिसांच्या नोंदींवर विसंबण्याची गरज नव्हती. गरिबी, स्थलांतर, मोडलेली कुटुंबं यांचा गुन्ह्यांशी जो संबंध दिसत होता, त्यातला बराचसा तीन गोष्टींमधून जात होता: परिसरात मित्र किती, मंडळांत आणि सभांत लोक किती येतात, आणि कोपऱ्यावरच्या मुलांवर कोणाचं लक्ष आहे का.

त्यानंतर सॅम्पसन शिकागोकडे वळला. १९९५ साली त्याने सहकाऱ्यांसह शहराचे ३४३ भाग पाडून ८,७८२ रहिवाशांच्या मुलाखती घेतल्या. प्रश्न अगदी घरगुती होते. मुलं शाळा बुडवून कोपऱ्यावर उभी असतील तर तुमचे शेजारी काही करतील का? भिंतीवर रंगाचे फवारे मारत असतील तर? एखाद्या मुलाने मोठ्या माणसाचा अपमान केला तर? घरासमोर मारामारी झाली तर? जवळचं अग्निशमन केंद्र पैशाअभावी बंद होणार असेल तर लोक एकत्र येतील का? याच्या जोडीला, इथले लोक एकमेकांना मदत करतात का, विश्वास ठेवण्याजोगे आहेत का, असंही विचारलं. दोन्ही प्रकारची उत्तरं एकमेकांशी इतकी जुळत होती की ती मिळून एकच गोष्ट मोजतात असं मानता आलं: आपसातला विश्वास आणि गरज पडली तर मध्ये पडण्याची तयारी. तिला त्यांनी सामूहिक क्षमता म्हटलं.

वस्त्या-वस्त्यांमध्ये या क्षमतेत जो फरक होता, त्यातला सुमारे ७० टक्के भाग साचलेली गरिबी, परदेशातून आलेल्यांचं प्रमाण आणि लोक एका घरात किती वर्षं टिकतात या तीन गोष्टींतून समजत होता. सामूहिक क्षमता जास्त असलेल्या वस्त्यांत हिंसाचार कमी होता. रहिवाशांना काय दिसतं हे विचारलं तरी, त्यांच्यावर हल्ले झाले का हे विचारलं तरी, आणि पोलिसांच्या खुनांच्या नोंदी पाहिल्या तरी. खुनाचा आकडा यात महत्त्वाचा, कारण चोरीची फिर्याद न देणारे लोक पुष्कळ असतात, पण मृतदेह लपवणं अवघड असतं. क्षमता हिशोबात घेतली की गरिबी आणि अस्थिरता यांचा हिंसाचाराशी दिसणारा थेट संबंध बराच ओसरत होता. संपत नव्हता, ओसरत होता.

उलटा प्रश्नही विचारायला हवा: खून होतात म्हणून लोक घाबरून दारं लावून घेतात आणि विश्वास आटतो, असं तर नाही? तसंही होतं. म्हणून संशोधकांनी आधीच्या वर्षांतले खून हिशोबात घेऊन पुन्हा तपासलं. संबंध क्षीण झाला, पण टिकला. गुन्हा आणि अविश्वास एकमेकांना खतपाणी घालतात, तेव्हा अशा आकड्यांकडून एकाच दिशेचं कारण मागू नये.

या पाहणीने जुन्या सिद्धांतात एक मोठी दुरुस्ती केली. शॉ आणि मॅके यांच्या मांडणीत ओळखीपाळखी वाढल्या की काम झालं, असं वाटे. पण तेवढं पुरत नाही. मेरी पॅटिलो या समाजशास्त्रज्ञेने १९९९ साली शिकागोतल्या एका कृष्णवर्णीय मध्यमवर्गीय वस्तीवर पुस्तक लिहिलं. तिथली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखणारी होती. पण टोळीत असलेला तरुणही त्याच जाळ्यातला, कोणाचा भाचा, कोणाच्या वर्गातला. त्याला हटकता येई, म्हणून काही गोष्टी आटोक्यात राहत; आणि तो आपलाच म्हणून पोलिसांना सांगणं जड जाई, त्यामुळे बाकीचं चालू राही. घट्ट नाती गुन्ह्याला आवर घालतात तशी त्याला आडोसाही देतात. त्यामुळे नात्यांची संख्या मोजून भागत नाही, प्रसंगी त्यांतून काय घडतं ते पाहावं लागतं. रस्त्यावरच्या भांडणात मध्ये पडणाऱ्या शेजाऱ्याशी आपली मैत्री असलीच पाहिजे असं नाही. तो पडेल आणि बाकीचे त्याच्या पाठीशी उभे राहतील, एवढी अपेक्षा पुरते.

स्थिरतेचंही तसंच आहे. लोक टिकले तर वस्ती सावरते हे तेव्हाच खरं, जेव्हा ते राहायचं म्हणून राहतात. निघायचं आहे पण जाता येत नाही, म्हणून वर्षानुवर्षं तिथेच अडकलेल्या माणसांची स्थिरता वेगळी. इलिनॉयमधल्या एका अभ्यासात अतिशय गरीब वस्त्यांत दीर्घ वास्तव्याबरोबर लोकांचा मानसिक त्रास कमी झालेला दिसला नाही.

स्थलांतरितांबाबत तर जुना नकाशा उलटा झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नवे परदेशी आणि जास्त दर एकाच पट्ट्यात दिसत. शतकाच्या अखेरीस, गरिबी आणि इतर गोष्टी सारख्या धरल्या तर, मेक्सिकोतून नुकत्या आलेल्या लोकांच्या वस्त्यांत हिंसाचार अपेक्षेपेक्षा कमी आढळला. तीन पिढ्यांपासून अमेरिकेत असलेल्यांच्या तुलनेत पहिल्या पिढीतल्या स्थलांतरितांकडून हिंसा होण्याची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी कमी निघाली. वेगवेगळ्या भाषांचे लोक शेजारी आले की वस्तीचा धागा सुटतोच, हे शॉ आणि मॅके यांचं गृहीतक आता तसंच्या तसं टिकत नाही.

अस्थिरतेचा जो प्रकार त्यांच्या नकाशांवर नव्हता, तो या शतकाच्या तोंडावर डीना रोझ आणि टॉड क्लिअर यांनी पुढे आणला. १९७० च्या दशकानंतर अमेरिकेत कैद्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली, आणि ते कैदी मोजक्या वस्त्यांतून येत होते. अशा वस्तीतून दर वर्षी काही तरुण तुरुंगात जातात, काही परत येतात. प्रत्येक अटकेबरोबर एक गुन्हेगार रस्त्यावरून कमी होतो हे खरं, पण एक बाप, एक कमावता, कोणाचा तरी जामीनदारही जातो. संख्या थोडी असेल तर वस्ती सावरते. मर्यादा ओलांडली की हेही लोकसंख्येचं स्थलांतरच ठरतं, फक्त सरकारने जबरदस्तीने घडवलेलं, आणि शॉ-मॅकेंच्या पट्ट्यातल्या भाडेकरूंच्या येजाचे परिणाम तेही करू लागतं: मुलं कोणाची ते कळेनासं होतं, मंडळं बंद पडतात, कोपऱ्यावर लक्ष ठेवणारं कोणी उरत नाही. ही मर्यादा नेमकी कुठे येते यावर संशोधकांचं एकमत नाही. काही शहरांच्या आकड्यांत ती स्पष्ट दिसते, काहींत दिसत नाही, कारण जास्त गुन्हे असलेल्या वस्तीतच अटकाही जास्त होतात आणि दोहोंची गुंतागुंत सोडवणं कठीण जातं. पण एखाद्या वस्तीतले गुन्हे कमी करण्यासाठी तिथली किती माणसं उचलायची हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला, आपण त्याच वस्तीतली हटकणारी माणसंही उचलतो आहोत का, हा प्रश्न आता टाळता येत नाही.